प्रसूतीपूर्वीचे चार तास

आषाढातील एका संध्याकाळी पोलादपूर तालुक्यातील कापडे येथून एका किराणा व्यापाऱ्यांचा दूरध्वनी आला. त्यांची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी तीनच दिवसांपूर्वी पुण्याहून माहेरी आली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तेथील डॉक्टरांनी केलेल्या तपासणीचा अहवाल त्या दिवशी जावईबापूंच्या भ्रमणध्वनीवर आला आणि तेथून सासऱ्यांच्या. अहवालावर ‘जीबीएस पॉझिटिव्ह’ एवढेच ठळक दिसत होते.

“डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षी पुण्यात सिंहगड रस्त्यावर माणसांचे हातपाय लुळे पडले, तोच हा आजार ना? मुलीला पुन्हा पुण्याला न्यावे का?” त्यांचा आवाज कापत होता.

हा गैरसमज केवळ त्यांचाच नव्हे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ज्या आजाराची साथ आली, तो ‘गुलियन-बारी सिंड्रोम’. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. गर्भवतीच्या अहवालातील ‘जीबीएस’ म्हणजे ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस’ अर्थात ब गटातील स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू. अहवालावर त्याचे पूर्ण नाव ‘स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए’ असेही छापलेले असते. आद्याक्षरे जुळतात, एवढाच या दोहोंचा संबंध. मी काकांना प्रथम हेच सांगितले. मग म्हटले, “मुलीला कोणताही आजार झालेला नाही. पण हा कागद नीट सांभाळा आणि आता आपण घड्याळाचा हिशेब करू.” या लेखात तोच हिशेब मांडत आहे.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

हा जिवाणू अनेक निरोगी स्त्री-पुरुषांच्या आतड्यात वास करून असतो. स्त्रियांमध्ये तो गुदद्वाराजवळून योनिमार्गापर्यंत पोहोचतो आणि तेथेही काही काळ राहतो. त्याचा त्रास काहीच होत नाही. खाज नाही, स्राव नाही, ताप नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर सुमारे १८ टक्के गर्भवती स्त्रिया अशा वाहक आढळतात. दक्षिण आशियात हे प्रमाण त्याहून काहीसे कमी दिसते. ही अस्वच्छतेची खूण नव्हे आणि कुणाच्या वर्तनावरचा शेराही नव्हे. पतीला औषध देण्याचे कारण नाही, घरात वेगळी भांडी-कपडे ठेवण्याचे तर मुळीच नाही. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांनी हे एवढे समजून घेतले, तरी त्या मुलीच्या मनावरचा अर्धा भार उतरतो.

मग धोका कुणाला? जन्माला येणाऱ्या बाळाला. गर्भजलाची पिशवी, जिला आपण पाणमोट म्हणतो, ती शाबूत असेपर्यंत बाळ सहसा सुरक्षित असते. पाणमोट फुटली, कळा सुरू झाल्या, की जिवाणू वर चढू शकतात. बाळ ते गर्भजलासह श्वासमार्गात ओढून घेते किंवा बाहेर येताना त्याच्या अंगावर ते लागतात. वाहक मातेच्या बाळांपैकी सुमारे निम्म्या बाळांच्या त्वचेवर वा नाका-तोंडात हा जिवाणू पोहोचतो. त्यातील बहुतेकांना काहीही होत नाही. काही उपाय न केल्यास शंभर वाहक मातांमागे साधारण एखाद-दुसऱ्या बाळाच्या रक्तात तो शिरतो, आणि काही अंदाजांनुसार हे प्रमाण त्याहूनही कमी आहे. परंतु ज्या बाळाच्या रक्तात तो शिरतो, त्याची अवस्था काही तासांत बिघडते. फुप्फुसदाह होतो, रक्तात जंतुसंसर्ग पसरतो, क्वचित मेंदूच्या आवरणालाही सूज येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धोका कितीतरी अधिक असतो. म्हणून घाबरण्याचे कारण थोडे आणि तयारीचे कारण मोठे, असा हा विषय आहे.

“मग आताच गोळ्या का देत नाही?”

काकांचा पुढचा प्रश्न व्यवहारी होता. “जंतू आहे हे कळले, प्रसूतीला तीन आठवडे आहेत, मग आजच पाच दिवसांच्या गोळ्या देऊन तो काढून का टाकत नाही? आमच्या शेजारीच औषधाचे दुकान आहे.”

आधी गोळ्या घेतल्याने काम होत नाही, कारण या जिवाणूचे मूळ घर आतडे आहे. गोळ्यांनी योनिमार्गातील जिवाणू काही दिवस हटतात, पण आतड्यातील साठ्यातून ते पुन्हा येतात आणि प्रसूतीच्या दिवशी परिस्थिती पूर्ववत झालेली असते. शिवाय अनावश्यक प्रतिजैविकाने इतर जंतू निर्ढावतात. जंतुनाशक द्रावाने योनिमार्ग धुण्याचाही प्रयोग होऊन गेला. त्याने बाळांचा आजार टळत नाही. अपवाद एकच. गरोदरपणात लघवीच्या तपासणीत हा जिवाणू मोठ्या संख्येने आढळला, तर त्या लघवीच्या संसर्गासाठी त्याच वेळी औषध द्यावे लागते. ते घेऊनही प्रसूतीच्या वेळचे औषध टळत नाही.

औषध कामाला येते ते कळांच्या वेळी, शिरेतून दिल्यावर. हे प्रथम ठामपणे दाखवले ते शिकागोतील बॉयर आणि गॉटॉफ या डॉक्टरांनी, १९८६ मध्ये. वाहक असलेल्या आणि अपुरे दिवस किंवा फार आधी फुटलेली पाणमोट असा धोका असलेल्या मातांच्या त्यांनी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला कळांच्या काळात शिरेतून ॲम्पिसिलिन दिले, दुसऱ्याला दिले नाही. औषध न दिलेल्या मातांच्या ५१ टक्के बाळांच्या अंगावर जिवाणू सापडला, औषध दिलेल्यांत फक्त ९ टक्के. पहिल्या प्रकारातील पाच बाळांच्या रक्तात तो शिरला, दुसऱ्यात एकाच्याही नाही. पुढे अमेरिकेने १९९६ मध्ये यासंबंधीचे मार्गदर्शन काढले आणि २००२ पासून प्रत्येक गर्भवतीची तपासणी सुरू केली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेथे दर हजार जन्मांमागे सुमारे पावणेदोन बाळांना पहिल्या आठवड्यात हा आजार होत असे. २०१५ पर्यंत हे प्रमाण दर हजारी पाव बाळाच्याही खाली आले.

हे औषध दोन कामे करते. मातेच्या मार्गातील जिवाणूंची संख्या झपाट्याने घटवते, आणि नाळेतून बाळाच्या रक्तात व गर्भजलात पुरेसे उतरून बाळाला आतून संरक्षण देते. या दोन्ही गोष्टी पुऱ्या व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिली मात्रा आणि बाळाचा जन्म यांत किमान चार तास गेले, तरच संरक्षण पुरेसे झाले असे मानतात. आपल्या विषयाचा सारा मर्म या चार तासांत आहे. मुंबई-पुण्यात रुग्णालय दाराशी असते, तेथे हे तास सहज मिळतात. कापड्यासारख्या डोंगरकुशीतील गावाला ते आधीच योजून मिळवावे लागतात, आणि योजण्यासाठी आपण वाहक आहोत हे आधी कळावे लागते.

तपासणी कशी आणि केव्हा

ही तपासणी गरोदरपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या आरंभापासून सदतिसावा आठवडा पूर्ण होऊन सहा दिवस होईपर्यंत करावी. त्याआधी फार लवकर करू नये, कारण हा जिवाणू येतो-जातो. आज असलेला दोन महिन्यांनी नसेल, आज नसलेला तेव्हा असेल. छत्तिसाव्या आठवड्यात घेतलेल्या नमुन्याचा निकाल पुढील पाच आठवडे भरवशाचा धरतात, म्हणजे बहुतेक सर्व प्रसूती त्या मुदतीत येतात.

नमुना कापसाच्या बोळ्याच्या काडीने, म्हणजे स्वॅबने, घेतात. आत कोणतेही यंत्र घालावे लागत नाही आणि दुखत नाही. काडी प्रथम योनिमार्गाच्या बाहेरील भागात आणि नंतर गुदद्वाराच्या किंचित आत फिरवतात. येथेच एक चूक वारंवार होते. संकोचापोटी किंवा घाईत गुदद्वाराचा नमुना घेतलाच जात नाही आणि अनेक वाहक स्त्रियांचा अहवाल निर्दोष येतो. दुसरी चूक प्रयोगशाळेत होते. हा जिवाणू इतर जंतूंच्या गर्दीत दबून जातो, म्हणून इतरांना रोखणाऱ्या विशिष्ट द्रवात नमुना अठरा ते चोवीस तास वाढवून मगच तो रक्तमिश्रित थाळीवर लावायचा असतो. हे न करता नेहमीच्या योनिस्रावाच्या तपासणीप्रमाणे नमुना हाताळला, तरीही वाहक सुटतात. म्हणून डॉक्टरांनी मागणीपत्रावर ‘जीबीएससाठी, योनी व गुदद्वार’ असे स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. निकालाला दोन-तीन दिवस लागतात, हेही ध्यानी ठेवावे.

मागणीपत्रावर आणखी एक ओळ हवी. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे किंवा नाही. या जिवाणूवर पेनिसिलिन आजही खात्रीने चालते. आपल्याकडे बहुधा त्याच कुळातील ॲम्पिसिलिन वापरतात. ज्यांना पेनिसिलिन चालत नाही, त्यांच्यासाठी क्लिंडामायसिनचा विचार होतो, पण अनेक जिवाणू त्याला दाद देत नाहीत. आधी कल्पना दिली, तर प्रयोगशाळा तेही तपासून ठेवते. काका म्हणाले, “लहानपणी एका पातळ औषधाने तिला जुलाब झाले होते.” ती ॲलर्जी नव्हे. औषध घेतल्यावर लगेच अंगावर गांधी उठणे, ओठ-घसा सुजणे, श्वास कोंडणे ही खरी ॲलर्जीची चिन्हे. दोहोंतला फरक न केल्यामुळे कित्येक स्त्रियांना उत्तम औषधाऐवजी दुय्यम औषध मिळते.

काही मातांना या तपासणीची गरजच नसते. या गरोदरपणात लघवीत हा जिवाणू केव्हाही आढळला असेल, किंवा आधीच्या बाळाला या जिवाणूचा आजार झाला असेल, तर कळांच्या वेळी औषध द्यायचेच असे ठरलेले असते. मात्र मागील खेपेस केवळ वाहक असल्याचे कळले असेल, तर या खेपेस पुन्हा तपासावे. साधारण निम्म्या स्त्रिया पुन्हा वाहक आढळतात.

कापड्याहून महाडपर्यंत

आता हिशेब. कापड्याहून पोलादपूरला यायचे, तेथून महामार्गाने महाडला. महाडच्या ज्या प्रसूतिगृहात नाव नोंदवले होते, तेथे कोरड्या दिवसांत तासाभरात पोहोचता येत असे. पण दिवस आषाढाचे होते. याच भागात २२ जुलै २०२१ रोजी तळियेची दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, महाड पाण्याखाली गेले आणि रस्ते बंद पडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तोही पावसातच. ही उदाहरणे भीती घालण्यासाठी नाहीत. ‘कळा वाढल्या की निघू’ हा घरोघरचा जुना ठोकताळा वाहक मातेसाठी येथे चालत नाही, एवढेच सांगण्यासाठी आहेत.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. अहवालाची छापील प्रत माता-बाल संरक्षण कार्डात ठेवायची आणि दुसरी प्रत महाडच्या डॉक्टरांकडे आधीच द्यायची, कारण तपासणी पुण्यात आणि प्रसूती महाडात, अशा प्रवासात कागदच हरवतो. येत्या रविवारी मुलीने महाडला आत्याकडे, उंचावरच्या आळीत, राहायला जायचे. आणि पाणमोट फुटली किंवा नियमित कळा सुरू झाल्या, यांपैकी काहीही आधी घडले तरी, वाट न पाहता त्याच क्षणी निघायचे.

रविवार उजाडण्याआधीच, सदतीस आठवडे पाच दिवस झाले असता, गुरुवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी पाणमोट फुटली. कळा नव्हत्या. आजी म्हणाल्या, “पाणीच गेले आहे, दुखत तर नाही. उजाडू दे.” आईने कार्डातला कागद दाखवला. ३ वाजता डॉक्टरांना कळवले, ३.२० ला गाडी निघाली. पावसामुळे पोहोचायला ४.३० झाले. ४.४५ ला शिरेतून ॲम्पिसिलिनची २ ग्रॅमची पहिली मात्रा गेली. पाणमोट फुटूनही कळा नाहीत आणि माता वाहक आहे, अशा वेळी थांबून राहत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी कळा आणणारे औषध सुरू केले. ८.४५ ला १ ग्रॅम, १२.४५ ला आणखी १ ग्रॅम, अशा दर चार तासांनी पुढच्या मात्रा दिल्या गेल्या. दुपारी १ वाजून ५५ मिनिटांनी मुलगी जन्मली आणि लगेच रडली. पहिल्या मात्रेपासून नऊ तास दहा मिनिटे झाली होती. मातेला ताप नव्हता. बाळाला कोणतेही औषध द्यावे लागले नाही, केवळ अठ्ठेचाळीस तास नजरेखाली ठेवले.

उजाडण्याची वाट पाहिली असती तर? कदाचित काहीच झाले नसते. पहिलटकरणीला सहसा वेळ लागतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाई सातला निघून आठला पोहोचते आणि नऊला बाळंत होते. तिलाही औषध द्यायचेच, कारण दोन तासांतही जिवाणूंची संख्या पुष्कळ घटते. मात्र संरक्षण अपुरे राहिले, असे धरून त्या बाळाकडे अधिक बारकाईने, किमान दीड ते दोन दिवस, रुग्णालयातच लक्ष ठेवावे लागते. चार तास भरावेत म्हणून प्रसूती लांबवणे किंवा तातडीची शस्त्रक्रिया थांबवणे मात्र सर्वस्वी चूक आहे. पाणमोट शाबूत आहे, कळा नाहीत आणि ठरवून शस्त्रक्रियेने प्रसूती होणार आहे, तर या जिवाणूसाठी वेगळे औषध लागत नाही. तरीही तपासणी केलेली असावी, कारण ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू होऊ शकतात.

तपासणी झालीच नसेल तर

आपल्या देशात प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी करण्याची शासकीय पद्धत नाही. शहरांतील काही खासगी रुग्णालये ती करतात. ब्रिटनमध्येही सर्वांची तपासणी न करता धोक्याची लक्षणे पाहून औषध देण्याचीच पद्धत राहिली आहे. म्हणून ज्यांच्या हाती अहवाल नाही, त्यांच्यासाठी कळांच्या वेळी तीन प्रश्न विचारले जातात. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी प्रसूती होत आहे काय? पाणमोट फुटून अठरा तास उलटले आहेत काय? मातेला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा अधिक ताप आहे काय? एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर औषध सुरू करतात. म्हणून पाणमोट फुटल्याची नेमकी वेळ घरातल्या कुणीतरी कागदावर लिहून ठेवावी. रुग्णालयात ‘रात्री केव्हातरी’ या उत्तराने डॉक्टरांचा हिशेब चुकतो.

आणखी एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवजात बाळांच्या रक्तात मुख्यत्वे अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि इ. कोलाय हे जंतू आढळले. ब गटातील स्ट्रेप्टोकॉकस क्वचित होता. म्हणजे आपल्याकडे नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाचे हे एकमेव कारण नव्हे, अनेकांपैकी एक आहे. तपासणी निर्दोष आली म्हणून बाळाला संसर्ग होणारच नाही, असे समजू नये. आणि प्रसूतीच्या वेळचे औषध योग्य मिळाले, तरी बाळाकडे पाहण्याचे डोळे मिटून चालत नाही.

पहिले दोन दिवस

बाळ कसे दिसले म्हणजे सावध व्हावे, हे शिकवणारे मोठे काम महाराष्ट्रातच झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करण्याचे शिक्षण दिले. त्याने बाळमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले, हे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडले. पुढे याच धर्तीवर देशभर ‘आशा’ ताई नवजात बाळाच्या भेटीला घरी येऊ लागल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर त्यांची पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते. परंतु या जिवाणूचा लवकरचा आजार बहुतेक बाळांत पहिल्या चोवीस तासांतच दिसू लागतो. म्हणजे आशाताई येण्याआधीच तो गाठतो. म्हणूनच दुकान बंद आहे, घरी पाहुणे आहेत, वेळ चांगली आहे, अशा कोणत्याही कारणाने पहिल्याच दिवशी बाळ-बाळंतिणीला घरी नेण्याचा आग्रह धरू नये. अठ्ठेचाळीस तास रुग्णालयातच काढावेत.

आपल्या घरांत एक वाक्य कौतुकाने बोलले जाते. “किती गुणी बाळ आहे, रडतसुद्धा नाही!” पहिल्या दोन दिवसांत हेच वाक्य घात करू शकते. निरोगी नवजात बाळ झोपाळू असते, पण भुकेला जागे होते आणि जोमाने ओढते. पूर्वी नीट पिणारे बाळ दोन वेळा पाजायला घेऊनही ओढत नाही, रडणे क्षीण झाले किंवा थांबले, हातपाय सैल पडले, तर त्यास गुणी समजू नये. बाळ शांत असताना छातीवरचे कपडे बाजूला करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तितकेच भरले, श्वासागणिक कण्हण्याचा आवाज आला किंवा बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर वाट पाहू नये. काखेतील तापमान ३७.५ अंशांच्या वर किंवा ३५.५ अंशांच्या खाली गेले, तरीही तसेच. नवजात बाळात संसर्ग तापाऐवजी थंड अंगानेही प्रकटतो, हे वडीलधाऱ्यांनी विशेष ध्यानी घ्यावे. घुटी, काढा, दृष्ट काढणे यात तास घालवू नयेत. रुग्णालयात असाल तर त्याच क्षणी परिचारिकेला बोलवावे. घरी असाल तर १०८ वर कळवून, बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून, उबेत न्यावे.

हा जिवाणू एका आठवड्यानंतर, तीन महिन्यांपर्यंतही, उशिराचा आजार करू शकतो. प्रसूतीच्या वेळचे औषध तो रोखत नाही. म्हणून सव्वा महिना उलटला तरी वरील चिन्हे विसरू नयेत, आणि बाळाला घेऊन कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यास ‘आई जीबीएस वाहक होती’ हे सांगावे. आईने स्तनपान थांबवू नये. वाहक असण्याने स्तनपानास बाध येत नाही.

बारशाच्या निमंत्रणासाठी काकांचा पुन्हा दूरध्वनी आला. जाता जाता म्हणाले, “तो कागद अजून कार्डातच ठेवला आहे. पुढच्या खेपेला दाखवायला लागेल ना?” मी म्हटले, “जरूर ठेवा. पण पुढच्या खेपेला छत्तिसाव्या आठवड्यात नमुना नव्याने द्यायचा. आणि तेव्हा दुसरे बाळंतपण असेल, ते लवकर होईल. म्हणून त्या खेपेस आत्याकडे सदतिसावा आठवडा लागताच जायचे.” काकांनी ते खतावणीच्या मागच्या पानावर टिपून घेतले.